नोकरी सोडून त्याच धंद्यात उतरताय? क्लायंटच्या बाबतीत या चुका टाळा

पगारपत्रकं, पीएफ, ईएसआयसी आणि प्रोफेशनल टॅक्सची कामं बाहेरून करून देणाऱ्या फर्म पुण्यात भरपूर आहेत. चाकण, भोसरी, रांजणगावचे कारखानदार फर्मचं नाव विसरतात, पण दर महिन्याला फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव विसरत नाहीत. तोच माणूस एक दिवस राजीनामा देऊन स्वतःची फर्म काढतो. वाद पेटतो तो फर्म काढण्यावरून नाही, तर राजीनामा आणि शेवटचा दिवस यांच्यामधल्या काळात क्लायंटशी काय बोलणं झालं यावरून.

एक उदाहरण घेऊन बोलू. समजा, अशा फर्ममध्ये आठ वर्षं काढलेली एक मॅनेजर आहे. तिच्याकडे 22 क्लायंट आहेत. नोटीस पिरियड 60 दिवसांचा. नेमणूकपत्रात तीन कलमं आहेत: नोकरी सुटल्यावर वर्षभर याच क्षेत्रात धंदा करायचा नाही, शेवटच्या दोन वर्षांत हाताळलेल्या क्लायंटकडे वर्षभर स्वतःहून काम मागायला जायचं नाही, आणि फर्मची गोपनीय माहिती बाहेर न्यायची नाही.

पहिली चूक: "कलम 27 आहे, कागदाला काही अर्थ नाही"

हे वाक्य चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. त्यामुळे तिच्या पत्रातलं पहिलं कलम, म्हणजे वर्षभर धंदाच न करण्याचं, सहसा टिकत नाही. पण त्याच्याबरोबर बाकीची दोन कलमंही गेली असं समजू नका. 2009 च्या डेसिकंट रोटर्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने माजी मॅनेजरला प्रतिस्पर्धी कंपनीत काम करण्यापासून रोखलं नाही. मात्र जुन्या कंपनीच्या ग्राहकांकडे आणि पुरवठादारांकडे तोच धंदा मागायला जायला मनाई केली. धंदा कर, पण आमच्या दारातून माणसं उचलू नकोस, असा तो मामला.

दुसरं म्हणजे कलम 27 चा आधार नोकरी संपल्यावर मिळतो. नोकरी चालू असताना मालकाशी स्पर्धा न करण्याची अट वैध असते. सर्वोच्च न्यायालयाचा 1967 चा गोलिकरी निकाल याबद्दलचाच आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, आणि कराराच्या मुदतीपुरतं त्याच्यावरचं बंधन न्यायालयाने कायम ठेवलं. आता नोटीस पिरियडकडे बघा. राजीनामा दिला तरी ते 60 दिवस तुम्ही नोकरच असता. मन बाहेर पडलेलं असतं, करार पडलेला नसतो.

मग या काळात काय करता येतं? नाव ठरवणं, सीएला भेटणं, भाड्याची जागा बघणं ही तयारी झाली, आणि ती स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या लॅपटॉपवर करावी. नेमणूकपत्रात "नोकरीत असताना दुसऱ्या व्यवसायात सहभाग नको" अशी अट असेल, तर कंपनी किंवा एलएलपीची नोंदणीसुद्धा शेवटच्या दिवसानंतरच करावी. एमसीएच्या पोर्टलवर नोंदणीची तारीख कुणालाही दिसते आणि वकील पहिल्यांदा तीच काढतात.

दुसरी चूक: निरोपाचा मेसेज

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. क्लायंटला धीर द्यायचा असतो आणि त्या भरात हातून असं काहीतरी लिहिलं जातं:

"सर, मी पुढच्या महिन्यात कंपनी सोडतेय. पण तुम्ही काळजी करू नका, तुमचं काम मीच बघणार आहे. नवीन नंबर लवकरच कळवते."

लिहिणारीच्या मनात फक्त आपुलकी होती. वाचणाऱ्या न्यायाधीशाला मात्र यात नोटीस पिरियडमध्ये, मालकाच्या क्लायंटला, मालकाच्याच फोनवरून काम मागितल्याचा पुरावा दिसतो. "मीच बघणार" या दोन शब्दांनी सगळं प्रकरण उभं राहतं.

धीर द्यायचा असतो तो कामाबद्दल, स्वतःबद्दल नाही. आणि तो फर्मच्या तोंडून गेला पाहिजे. राजीनामा दिल्याच्या आठवड्यात वरिष्ठांना मेल करून विचारा की क्लायंटना कोण, कधी, काय सांगणार. मसुदा तुम्हीच करून दिलात तर बहुतेक वेळा तोच जातो. उदाहरणार्थ:

"अमुक तारखेपासून आपल्या खात्याचं काम आमच्या सहकारी बघतील. या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयसीचं चलन 15 तारखेच्या आत भरलं जाईल. त्याआधी दोघी मिळून आपल्याला भेटतील."

कारखानदाराला खरं तर एवढंच हवं असतं. टीडीएस 7 तारखेला जाईल ना, पीएफ चुकून व्याज लागणार नाही ना, इन्स्पेक्टर आला तर रजिस्टर कोण दाखवणार? या प्रश्नांची उत्तरं नव्या माणसाच्या नावासकट मिळाली की तो निवांत होतो. तुम्ही कुठे जाताय याची चौकशी त्यानंतर येते.

"मॅडम, आम्ही पण तुमच्याबरोबर येतो"

ही चौकशी येतेच. तिच्या 22 पैकी तीन-चार क्लायंट तरी विचारणारच. लोक इथे दोन टोकं गाठतात. काही जण लगेच कोटेशन पाठवतात, काही जण घाबरून फोनच उचलत नाहीत. दोन्हीची गरज नाही. सरळ सांगावं: "मी अजून इथे नोकरीत आहे, त्यामुळे या विषयावर आत्ता बोलता येणार नाही. तुमच्या कामाचा हँडओव्हर मी नीट करून जाणार आहे." पुढे "नंतर बोलू" हे शेपूट जोडू नका. त्यातून तुम्ही आशा लावून ठेवलीत असा अर्थ काढता येतो. फोन ठेवल्यावर तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं हे स्वतःच्या वहीत टिपून ठेवा. वर्षभराने आठवणीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

शेवटच्या दिवसानंतर तोच क्लायंट स्वतःहून आला तर? तुम्ही मागितलं नाही, तो आला, ही बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे, पण ती कागदावर दिसायला हवी. पहिला मेल त्याच्याकडून आला पाहिजे, तुमच्या "हाय सर, कसे आहात" ला उत्तर म्हणून नाही. मग स्वतःचं कलम पुन्हा वाचा. काही कलमांमध्ये फक्त काम मागायला मनाई असते, काहींमध्ये काम स्वीकारायलाही. दुसऱ्या प्रकारचं कलम धंदाबंदीच्या जवळ जातं, म्हणून कलम 27 पुढे ते कमकुवत असतं. पण कमकुवत म्हणजे शून्य नव्हे, आणि तो जुगार वकिलाला विचारूनच खेळावा.

इथे आणखी एक कागद असतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: क्लायंट आणि जुनी फर्म यांच्यातला करार. त्यात काम थांबवण्यासाठी नोटीस द्यावी लागते. पुष्कळदा फर्मच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना परस्पर काम द्यायचं नाही अशी अटही असते. म्हणजे तुम्ही मोकळे असाल, पण क्लायंट अडकलेला असेल. त्यालाच त्याचा करार वाचायला सांगा आणि तिथे थांबा. जुन्या फर्मचा करार कसा मोडायचा हे तुम्ही शिकवायला लागलात, की करारभंगाला चिथावणी दिल्याचा नवाच आरोप मागे लागतो.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

डेटा नेऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही शेवटच्या आठवड्यात रेट आणि संपर्क असलेली एक्सेल शीट स्वतःच्या जीमेलवर जाते, "फक्त संदर्भासाठी". कंपनीच्या सर्व्हरवर त्या मेलची नोंद राहते. दिल्ली उच्च न्यायालयाने 1995 च्या बर्लिंग्टन प्रकरणात ग्राहकांच्या संकलित यादीला कॉपीराइटचं संरक्षण दिलं होतं आणि ती घेऊन गेलेल्या माजी कर्मचाऱ्याला ती वापरायला मनाई केली होती. परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्येही बसतं.

आमच्या या क्षेत्रात मात्र एक वेगळीच गोची असते. क्लायंटच्या ईपीएफओ, ईएसआयसी, जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर कुणाचा असतो? सोय म्हणून मॅनेजरचा वैयक्तिक. तिने नोकरी सोडली तरी पुढच्या 15 तारखेला ओटीपी तिच्याच फोनवर येतो आणि क्लायंट तिला फोन करतो. जुन्या फर्मला वाटतं की हिने मुद्दाम किल्ली स्वतःकडे ठेवली. म्हणून नोटीस पिरियडच्या पहिल्या पंधरवड्यातच 22 क्लायंटची यादी करून प्रत्येक पोर्टलचा नंबर आणि ईमेल बदलून घ्या. शक्यतो क्लायंटच्याच माणसाचा द्या. हे शेवटच्या आठवड्यावर ढकललं तर अडकतं, कारण बदलासाठी सहीचा अधिकार असलेले साहेब नेमके तेव्हाच गावाला गेलेले असतात. डिजिटल सिग्नेचरचे टोकन ड्रॉवरमध्ये पडलेले असतील तर तेही सही घेऊन परत करा. हँडओव्हरच्या पत्रात प्रत्येक गोष्टीपुढे कुणाला दिली आणि कधी, हे लिहा आणि पोच घ्या.

लिंक्डइनची पोस्ट

नवी फर्म सुरू झाल्याचं जाहीर करायला सहसा हरकत नसते. पण जुन्या क्लायंटना टॅग केलं, तीच पोस्ट एकेकाला व्हॉट्सअ‍ॅप केली किंवा "आमचे जुने स्नेही" म्हणून त्यांचे लोगो लावले, की ती सर्वसाधारण घोषणा राहत नाही. विप्रो आणि बेकमन कुल्टर यांच्या 2006 च्या वादात कर्मचारी भरतीची जाहिरात सगळ्यांसाठी छापलेली होती. पण तिचा रोख विशिष्ट माणसांवर होता म्हणून तिला आमंत्रणच मानलं गेलं. त्यामुळे जाहिरात कुठे छापली यापेक्षा ती कुणाला उद्देशून लिहिली हे जास्त बघितलं जातं.

चूक होऊन गेली असेल तर

मेसेज गेला, शीट जीमेलवर आहे आणि आता वकिलाची नोटीस आली. पहिली ऊर्मी सगळं डिलीट करायची होते. तसं करू नका. समोरच्याकडे स्क्रीनशॉट असतोच, आणि पुसलेलं सापडलं तर साधी चूक लबाडी ठरते. फाइल जशीच्या तशी वकिलाला द्या, वापरू नका, आणि ती परत करून मग नष्ट करण्याची तयारी लेखी कळवा. क्लायंटला "गैरसमज झाला" असं सांगणारा दुसरा मेसेजही नको, कारण तोही संपर्कच धरला जातो. नोटिशीत दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या आणि कलमाचं वर्ष संपेपर्यंत त्या क्लायंटशी स्वतःहून बोलणार नाही असं लिहून द्यायला तयार राहा. वाद न्यायालयाबाहेर मिटतो तो बहुधा अशा लेखी हमीवर.

नोटिशीत पाच-दहा लाखांचा आकडा असेल तर लगेच हबकून जाऊ नका. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. फुल अँड फायनल किंवा रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवलं असेल तर त्याची मागणी वेगळ्या मेलने करा, या वादाच्या उत्तरात ती मिसळू नका. आणि उत्तर जाईपर्यंत जुन्या ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींना फोन करून "आत काय चाललंय" विचारू नका. पुढच्या नोटिशीत त्यांचीही नावं येतात, आणि मग कर्मचारी फोडल्याचा आरोपही जोडला जातो.