इन्सुलिनची गाठ: पत्रकात मी काय बदललं

नर्सिंगच्या टीचिंग प्रॅक्टिससाठी इन्सुलिन टोचण्यावर रुग्णांना देण्याचं पत्रक करत होते. वॉर्डात एक मावशी होत्या. डोस तोच, जेवण तेच, तरी साखर कधी तीनशेच्या वर, कधी एकदम खाली. पोटावरून बोटं फिरवली तेव्हा बेंबीच्या उजवीकडे रबरासारखा फुगवटा हाताला लागला. "तिथं दुखत नाही, म्हणून रोज तिथंच टोचते," त्या म्हणाल्या. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखालची चरबी अशी फुगते आणि इन्सुलिन तिथून रक्तात कधी कमी, कधी उशिरा पोचतं.

म्हणून निम्मं पान जागा बदलण्यालाच दिलं. पोटाचं चित्र काढलं, बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडली, उरलेल्याचे चार भाग केले. खाली लिहिलं: "एका आठवड्यात एकच भाग. दर वेळी आधीच्या जागेपासून एक बोट सरका. टोचण्याआधी हात फिरवून बघा."

आणि ठळक अक्षरात: "गाठ लागली तर आधी डॉक्टरांना सांगा, मग जागा बदला." ही ओळ मी कुठल्याही पत्रकातून वगळू देणार नाही. चांगल्या जागेतून तेवढंच इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मावशींचा डोस डॉक्टरांनी कमी केला, काही दिवस साखर वरचेवर तपासायला सांगितली. मग मी पत्रक त्यांच्या हातात देऊन विचारलं, "उद्या कुठं टोचाल?" त्यांनी चित्रावर बरोबर बोट ठेवलं.