कुंद्याची क्लिप आणि पहिले तीन सेकंद

बेळगावात दुकानदारांच्या क्लिपा करून द्यायचं काम नव्यानं धरणाऱ्यांनी आधी व्ह्यूजच्या आकड्यावर भाळणं सोडावं. यूट्यूब शॉर्ट्सवर 31 मार्च 2025 पासून क्लिप नुसती सुरू झाली तरी व्ह्यू धरला जातो. सुरुवात जमली की फसली, हे कळतं यूट्यूब स्टुडिओतल्या रिटेन्शनच्या आलेखावर: कुठल्या सेकंदाला किती टक्के लोक अजून बघत होते.

शहापुरातल्या एका मिठाईवाल्यांची 26 सेकंदांची कुंद्याची क्लिप घ्या. आधी दुकानाची पाटी, वर माझा आवाज: "नमस्कार मंडळी, आज आपण आलोय..." तिसऱ्या सेकंदाला 54 टक्के उरले. पण नुसता तो आकडा घेऊन काही करता येत नाही. आलेख आणि एडिटिंगची टाइमलाइन शेजारी ठेवून बघितलं, तेव्हा सगळ्यात मोठा उतार दीड सेकंदाच्या आसपास निघाला. तोवर "नमस्कार मंडळी" जेमतेम संपत होतं. म्हणजे लोकांनी कुंदा नाकारला नव्हता, कुंदा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

पुढे रेघ जवळपास सपाट, आणि चौदाव्या सेकंदाला छोटा उंचवटा. तिथं आटलेलं तपकिरी दूध कढईत उलथन्याला चिकटताना दिसतं. उंचवटा म्हणजे तो तुकडा काहींनी पुन्हा बघितला. स्क्रीनवरची अक्षरं वाचायला वेळ पुरला नाही तरीही असा उंचवटा येतो, पण इथं अक्षरं नव्हतीच. म्हणून तोच शॉट सुरुवातीला आणला आणि वर माझ्या आवाजात एकच वाक्य ठेवलं: "एवढ्या दुधाचा एवढाच कुंदा." पहिल्या चित्रावर मराठी मजकूर मुद्दाम टाकला नाही. आपल्याकडचा निम्मा बघणारा कन्नड वाचणारा. त्याला कढई दाखवली की पुरे.

यूट्यूबवर चढवलेली फाइल बदलता येत नाही, म्हणून नवी क्लिप वेगळी टाकली. तिसऱ्या सेकंदाला 71 टक्के, पण सहाव्याला नवा उतार! कारण कढईनंतर मी परत पाटीवरच गेलो होतो. गळती थांबली नव्हती, पुढे सरकली होती. नवखे फक्त तीन सेकंदांचा आकडा बघून खूश होतात, ते इथंच फसतात. पाटी काढून थेट कढईत दूध ओतण्यापासून पुढे गेलो, तेव्हा तो उतार गेला.

मिठाईवाले काका मात्र अडून बसले. "अरे, पाटी पहिल्यांदा दिसूदे की! दुकान कुणाचं ते कळायला नको?" त्यांना आलेखच दाखवला. मग नाव बाराव्या सेकंदाला, कुंदा भरलेल्या बॉक्सवर आलं.

शे-दीडशे व्ह्यूजवरचा आलेख करवतीसारखा असतो, त्यावरून कात्री चालवू नका. क्लिप पुन्हा पुन्हा चालली तर सुरुवातीची रेघ शंभराच्या वरही जाते, तेव्हा दोन क्लिपा ताडताना उंचीपेक्षा उतार कुठे सुरू होतो ते बघा.