करार भाषांतराला घेण्याआधी: यावेळी ‘त्सुम’ विसरायचं नाही

कळव्याचा एक मुलगा रबाळे एमआयडीसीतली सीएनसीची नोकरी सोडून जर्मनीला गेला. जाण्यापूर्वी त्याच्या जर्मन कराराचं मराठी भाषांतर मी करून दिलं होतं, आणि त्यात माती खाल्ली होती. आता नौपाड्यातल्या एका ताई मुलीचा तसाच करार घेऊन येणार आहेत, म्हणून हे आधी लिहून ठेवतेय.

नावं, पत्ता, पगाराचा आकडा तपासणं, हे सगळं सांगायची गरज नाही. करार मात्र पूर्ण मागवायचा. मोबाइलवर काढलेली तीनच पानं पाठवतात आणि प्रतिस्पर्धी कंपनीत कामाला जाण्यावरच्या बंदीचं कलम नेमकं चौथ्यावर असतं.

प्रोबेशनला प्रोबेशनच लिहायचं, परिवीक्षा नको. आईवडिलांना वाचून कळायला हवं. आपल्याकडे प्रोबेशन म्हटलं की कायम केल्याचं पत्र मिळेपर्यंत जीव टांगणीला. तिथं असं पत्र येत नाही. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं आणि कोणी काही बोललं नाही तर ते आपोआप संपतं. म्हणून ‘कायम करण्यात येईल’ हे शब्द आपल्या पदरचे घालायचे नाहीत. या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस, आणि ती कुठल्याही दिवशी संपू शकते. प्रोबेशन संपलं की हे बदलतं. मी घसरले ती जागा हीच.

प्रोबेशननंतरच्या कलमात होतं: चार आठवडे, ‘त्सुम’ पंधरा तारखेला किंवा महिनाअखेरीला. मी लिहिलं ‘एक महिन्याची नोटीस’. दोन चुका एका ओळीत. चार आठवडे म्हणजे 28 दिवस, महिना नव्हे. आणि त्या ‘त्सुम’चा अर्थ असा की नोकरी संपायला दोनच तारखा आहेत, 15 किंवा महिन्याचा शेवटचा दिवस. अधलामधला दिवस चालत नाही.

त्या मुलाने माझ्या कागदावर भरवसा ठेवून 5 ऑगस्टला नोटीस हातात दिली. 5 सप्टेंबरला मोकळा होईन असं धरून नव्या कंपनीला 8 तारीख कळवली. प्रत्यक्षात 6 ऑगस्टपासून 28 दिवस मोजले की येतो 2 सप्टेंबर, आणि त्यानंतरची पहिली तारीख 15 सप्टेंबर. म्हणजे 8 तारखेला तो जुन्या कंपनीचाच माणूस होता. हाच कागद दोन दिवस आधी, 3 ऑगस्टला पोचला असता तर 31 ऑगस्टलाच सुटला असता. फोनवर तो इतकंच म्हणाला, “ताई, तुम्ही एक महिना लिहिलं होतं.” काय बोलणार?

तेव्हा नोटीस दिसली की आधी तारीख शोधायची. किती दिवस हे नंतर. कोणत्या तारखेला संपते, हे आधी. भाषांतरात ते वेगळं वाक्य करून लिहायचं: ‘नोकरी फक्त 15 तारखेला किंवा महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपेल.’ खाली एक हिशेब मांडून दाखवायचा. काही करारांत फक्त महिनाअखेरच असते, कुठे तिमाहीची अखेर; तिथे तर एका दिवसाच्या उशिराने तीन महिने जातात. त्यामुळे ‘त्सुम’ या शब्दावर पिवळा हायलाइटर. प्रत्येक वेळी.

याच कलमात ‘लेखी’ शब्द येतो. आपल्याला वाटतं मेल म्हणजे लेखीच झालं. नाही. तिथं नोकरी सोडायची तरी कागदावर शाईची सही लागते, मेल आणि व्हॉट्सअॅप बाद. शिवाय कागद पाठवल्याचा दिवस धरत नाहीत, पोचल्याचा धरतात. ‘शाईची सही असलेल्या कागदावर’ असंच लिहायचं.

आता नॉन-कॉम्पीट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यावरची तीच बंदी. इथले लोक हे कलम हसून सोडून देतात, कारण आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकू देत नाही. जर्मनीत ती टिकते, दोन वर्षांपर्यंत, पण त्यासाठी कंपनीला पैसे मोजावे लागतात: शेवटच्या कमाईच्या निम्मे तरी. महिना 4000 युरो असतील तर बंदीच्या काळात दरमहा किमान 2000. या रकमेला ‘भरपाई’ लिहू नये. वाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच भरायची आहे. ‘बंदीच्या काळात कंपनीने द्यायचा मोबदला’, लांबलचक असलं तरी हेच. पैशाचा उल्लेखच नसेल तर बंदी रद्दबातल. उल्लेख आहे पण निम्म्याहून कमी, तर बंदी पाळून ते पैसे घ्यायचे की सोडून द्यायचं, हे कामगार ठरवतो. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, दोन्हीला ‘अवैध’ लिहून मोकळं व्हायचं नाही. नोकरीत असतानाची स्पर्धाबंदी वेगळी, तिला पैसे नाहीत.

बाकी दंडाचं कलम, सुट्ट्या, नेहमीसारखं. शेवटी ‘फक्त समजण्यासाठी, मूळ जर्मन मजकूरच ग्राह्य’ ही ओळ. एकदा मोठ्याने वाचणं. आणि पाठवण्याआधी नोटिशीचं कलम पुन्हा उघडून तारीख आहे का बघणं.