पाहण्याच्या कार्यक्रमाची कथा मुलाच्या बाजूने लिहिताय? या चुका टाळा

पाहण्याच्या कार्यक्रमावरची कथा मुलाच्या तोंडून सांगायची ठरली की बरेचसे खर्डे पहिल्याच परिच्छेदात एकमेकांसारखे होतात. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, घशाला कोरड पडते. यातलं खोटं काहीच नसतं, पण हीच वाक्यं नोकरीच्या मुलाखतीलाही चालतील. त्यातून हा मुलगा दिसत नाही आणि ती दुपारही दिसत नाही.

मी लिहिलेल्या अशाच एका कथेचं उदाहरण घेतो. मुलगा चिंचवडचा, स्थळ कराडचं, मुलीचं नाव मृणाल. पहिल्या खर्ड्यात होतं:

“मी फार घाबरलो होतो. इतक्यात मृणाल चहाचा ट्रे घेऊन आली. तिलाही दडपण आलं होतं. मुलगा कसा असेल, या विचाराने तिला रात्रभर झोप लागली नव्हती.”

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या वाक्यात आहे. निवेदक बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसलाय, मग तिच्या रात्रीबद्दल त्याला कुठून कळलं? प्रथमपुरुषी निवेदनात प्रत्येक वाक्याला हा प्रश्न विचारून बघावा. त्याने पाहिलं, ऐकलं, कुणी सांगितलं की त्याचा अंदाज आहे? अंदाज असेल तर तो अंदाजासारखाच लिहावा, आणि तो चुकू द्यावा. घाबरलेला माणूस आपली भीती समोरच्याच्या अंगावर बघतो, त्यामुळे त्याच्या चुकलेल्या अंदाजातून त्याचीच अवस्था कळते. दुरुस्ती अशी झाली:

“तिने कप पुढे केला. बशी किणकिणत होती. बिचारीचा हात थरथरतोय, असं मला वाटलं. तिने बशी सोडली तरी किणकिण थांबली नाही.”

‘मी घाबरलो होतो’ हे वाक्य मग आपोआप गळून पडलं.

दुसरी चूक म्हणजे चहा ट्रेमधून येतो आणि नंतर कथेतून नाहीसा होतो. माझ्या खर्ड्यात तो तिसऱ्या परिच्छेदात आला होता आणि शेवटपर्यंत कुणी प्यायलाच नव्हता. तपासायला सोपं आहे: चहाचा उल्लेख जिथे जिथे आहे तिथे पेन्सिलने खूण करा. पहिल्या पानानंतर खुणा संपल्या, तर कथेतलं मोठं साधन वाया गेलं. गरम चहा घाईने पिता येत नाही, म्हणून कपामागे लपता येतं. थोडा निवला की साय धरते. ती बोटाने काढावी, फुंकरीने बाजूला सारावी की गिळून टाकावी, हा प्रश्न चारचौघांसमोर त्या मुलाला पगाराच्या प्रश्नापेक्षा अवघड वाटू शकतो. मृणालचे वडील कंपनीबद्दल विचारत असताना माझा नायक सायीकडे बघत बसला आणि प्रश्न त्याला दुसऱ्यांदा ऐकावा लागला. मग गार घोट, आणि शेवटी रिकामा कप, म्हणजे हातांना काहीच काम उरत नाही. वाफ, साय, गार घोट, रिकामा कप, एवढ्यावर वेळ पुढे सरकतो. ‘थोड्या वेळाने’ लिहावं लागत नाही.

तिसरी चूक खास आपल्या भाषेतली आहे. मोठी माणसं “दोघांना जरा बोलू द्या” म्हणून आत जातात आणि मुलगा लगेच म्हणतो, “तुला काय आवडतं?” ठरवून झालेल्या पहिल्या भेटीत असं ‘तू’ बहुधा जिभेवर येत नाही. ‘तुम्ही’ म्हणावं तर अंतर वाटतं. बावरलेला माणूस मग दोन्ही टाळतो. “साखर जास्त चालते का?” “पुण्याला येणं होतं?” मराठीत अशी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही टाळणारी वाक्यं सहज मिळतात, संकोच दाखवायला ती वापरून घ्यावीत. माझ्या नायकाने दहा मिनिटांत तिला एकदाही काही संबोधलं नाही. त्याची धडपड कुठेही न सांगता ऐकू आली.

शेवटाकडे मात्र मी खूप अडखळलो. पहिल्या खर्ड्यात होकाराचा फोन, मग लग्न, मग वर्षभरानंतरचा एकत्र चहा असं सगळं होतं. ते कापलं, कारण मुलाची घालमेल होकार येताच संपते आणि पुढे फक्त बातमी उरते. शिवाय आपण तिला बघायला आलोय एवढंच तो कथाभर धरून चाललाय. तीही त्याला बघत होती, हे त्याला कळलं की त्याची दुपार पूर्ण होते. म्हणून नवी कथा दारातच थांबते. आई-वडील पायऱ्या उतरताहेत, तो चपला घालतोय.

“साय आवडत नाही, तर सांगायचं ना,” मृणाल हळूच म्हणाली. “चहा परत गाळून आणला असता.”

मी वर बघितलं.

“तुम्ही बघितलंत?”