स्टार्टअपची करसवलत हातची का जाते? या चुका टाळा

डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची मान्यता मिळाली की कर माफ झाला, असं बरेच संस्थापक धरून चालतात. सवलतीची वाट बहुतेकांची इथेच चुकते. मान्यता ही पहिली पायरी. आयकर कायदा १९६१ च्या कलम ८०-आयएसीखाली नफ्यावर १०० टक्के वजावट हवी असेल, तर स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करून आंतर-मंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मान्यतेचा कागद जोडून वजावट मागितली, तर ती टिकत नाही.

अर्जाआधी पात्रता तपासा. संस्था कंपनी किंवा एलएलपीच हवी. भागीदारी फर्मला डीपीआयआयटीची मान्यता मिळू शकते, ही वजावट मात्र मिळत नाही. नोंदणी १ एप्रिल २०१६ किंवा त्यानंतरची आणि १ एप्रिल २०३० पूर्वीची हवी, आणि ज्या वर्षी वजावट घ्यायची त्या वर्षीची उलाढाल १०० कोटींच्या आत हवी. चालू धंदा फोडून किंवा त्याची नुसती पुनर्रचना करून काढलेली कंपनी चालत नाही. जुना व्यवसाय नव्या नावाने थाटणाऱ्यांनी हे आधीच सल्लागाराला स्पष्ट सांगावं.

सगळ्यात महागात पडते ती वर्षांची निवड. नोंदणीपासूनच्या १० वर्षांतली कोणतीही सलग ३ वर्षं आपण निवडू शकतो. पण एकदा सुरुवात केली की मधलं वर्ष गाळता येत नाही.

समजा, पुण्यातली एक कंपनी ऑगस्ट २०१८ मध्ये नोंदली गेली. पहिल्या दोन वर्षांत मिळून ३० लाखांचा तोटा झाला. तिसऱ्या वर्षी १० लाख, चौथ्या वर्षी २५ लाख, पाचव्या वर्षी ६० लाख, सहाव्या वर्षी ९० लाख आणि सातव्या वर्षी ९५ लाख नफा झाला. नफा दिसला म्हणून तिसऱ्या वर्षापासून वजावट घेतली तर काय होतं? मागचा तोटा आधी वळता होतो. तिसऱ्या वर्षाचा सगळा नफा त्यात जातो, चौथ्या वर्षी फक्त ५ लाख उरतात. म्हणजे तीन वर्षांत मिळून ६५ लाखांवर वजावट. पाचव्या वर्षापासून घेतली असती तर ६०, ९० आणि ९५ मिळून २४५ लाखांवर मिळाली असती. बदल्यात चौथ्या वर्षी ५ लाखांवर साधारण १ लाख ३० हजार रुपये कर भरावा लागला असता, एवढंच.

याच कंपनीला वजावटीच्या वर्षांत किमान पर्यायी कर, म्हणजे मॅट, चुकला नसता. पुस्तकी नफ्यावर १५ टक्के अधिक उपकर धरला, तर ६० लाखांवर सुमारे ९ लाख ३६ हजार रुपये. शून्य कर धरून रोकड वापरून टाकली की आगाऊ कराच्या हप्त्याला धावपळ होते. गुंतवणूकदारांचे पैसे एफडीत ठेवले असतील, तर ते व्याज धंद्याच्या नफ्यात मोजलं जात नाही, त्यावर नेहमीचा कर लागतो.

दुसरी घाई म्हणजे २२ टक्क्यांचा कमी दर. कलम ११५बीएएचा पर्याय निवडला की ८०-आयएसी मिळत नाही, आणि तो पर्याय मागे घेता येत नाही. पुढे चांगला नफा दिसत असेल, तर हा पर्याय घेण्याआधी दोन्हीकडचा हिशेब मांडून बघा.

मग तारखा. सीएचा फॉर्म १०सीसीबीतला अहवाल विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी जायला हवा. एरवी कंपनीची मुदत ३१ ऑक्टोबर असते, म्हणजे अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत. विवरणपत्र उशिरा भरलं तर वजावटच जाते. विलंब शुल्क भरून ती परत मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, तेव्हा त्यानंतरच्या वर्षांसाठी जुन्या कलमांचे क्रमांक फॉर्मवर लिहू नका.

कंपनी कायद्यातल्या सवलतींकडे फारसं कुणी बघत नाही. मान्यताप्राप्त खासगी स्टार्टअप कंपनीला वर्षात चारऐवजी दोन बोर्ड बैठका पुरतात, कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक, मध्ये किमान ९० दिवसांचं अंतर ठेवून. ताळेबंदाबरोबर कॅश फ्लो विवरणही जोडावं लागत नाही. मात्र आर्थिक पत्रकांचा फॉर्म एओसी-४ किंवा वार्षिक विवरण भरायचं राहिलं असेल, तर ही सूट लागू होत नाही. त्यामुळे दोनच बैठका घेण्याआधी मागच्या वर्षांच्या पावत्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर पाहून घ्या. एखादी राहिली असेल तर आधी ती भरा, आणि तोवर चार बैठका घेत राहा.