या चुका टाळा: ढगाळ फोटोत सूर्यास्ताचं आकाश लावताना

हर्णैला गेलो होतो सप्टेंबरमध्ये. आई-बाबा ओल्या वाळूवर उभे, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग, उजव्या बाजूला दोन माड फोटोत वाकलेले, फ्रेम एक नंबर. फक्त आकाश असं की कुणीतरी धुतलेली चादर वाळत घातलीय, पांढरट करडं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखंच. मग काय, घरी आल्यावर फोटोशॉपात `Edit > Sky Replacement` उघडलं, मस्त भगवं आकाश टाकलं, मधोमध गरगरीत सूर्य, बारा बाय अठराची प्रिंट काढून मावशीला दाखवली. मावशीचा फोटोग्राफीशी काडीचा संबंध नाही. ती दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, "अरे सूर्य तर यांच्या पाठीमागं आहे, मग तोंडावर एवढा उजेड कुठनं आला?"

झालं. एका वाक्यात सगळी एडिटिंग गेली पाण्यात. नंतर तोच फोटो मी पहिल्यापासून परत केला, आणि त्यात काय काय चुकलेलं ते लिहितोय कारण ग्रुपवर जे फोटो येतात त्यात साधारण याच चुका दिसतात.

सूर्य दिसणारं आकाश घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ही एकदा केली की पुढे कितीही स्लायडर हलवा, फोटो सुधरत नाही. ढगाळ दिवशी उजेड एका जागेवरनं येत नाही, अख्खं आभाळच दिवा असतं, त्यामुळे सावली पडत नाही, पडली तरी पायाशी जरा काळपट डाग एवढीच. आता त्याच फोटोत तुम्ही क्षितिजाच्या जरा वर सूर्य टाकलात, समजा १० अंशांवर, तर खऱ्या जगात माणसाची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पटीहून जास्त लांब पडते. म्हणजे बाबांची सावली ३० फुटांची, थेट कॅमेऱ्याकडे येणारी. ती माझ्या फोटोत कुठे होती? वाळू कोरी. आणि एवढ्या लांब सावल्या ब्रशने रंगवायच्या, वाळूच्या प्रत्येक उंचवट्यावरनं वळवायच्या, हे शक्य आहे पण मी तरी त्या भानगडीत पडणार नाही.

उपाय सोपा आहे पण कुणाला पटकन सुचत नाही, कारण सूर्यास्त म्हटला की सूर्य हवाच असं वाटतं. सूर्य नसलेलं सूर्यास्ताचं आकाश घ्या. सूर्य बुडून दहा-पंधरा मिनिटं झालीत, खाली क्षितिजाला केशरी पट्टा, वर जांभळट निळं, ढगांच्या पोटाला गुलाबी रंग. तेव्हा खरोखरच सावल्या नसतात, उजेड मऊ असतो, आणि तुमच्या ढगाळ फोटोतला उजेडही तसाच मऊ आहे. दोन्ही आपोआप जुळतात. शिवाय डोक्यावरच्या आणि कॅमेऱ्यामागच्या आभाळाचा उजेड तोंडावर येतच असतो त्यामुळे मावशीच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं. सूर्य जाड ढगामागे लपलेलं आकाशही चालतं.

फोटोशॉपसोबत जी तयार आकाशं येतात ती एकदोनदा वापरून बघायला ठीक, पण तीच सगळ्यांकडे आहेत, लग्नाच्या अल्बमात तोच ढग तिसऱ्यांदा दिसला की हसू येतं. मी आता गच्चीवरनं किंवा गाडी थांबवून मोकळ्या आकाशाचे फोटो काढून फोल्डरात ठेवतो, क्षितिज खालच्या काठाजवळ येईल असे, आणि मोबाइलच्या साध्या एक-एक्स लेन्सनेच. कारण ज्या लेन्सचा फोटो त्याच लेन्सचं आकाश असलं की ढगांचा आकार बरोबर बसतो. सूर्याचंच बघा, तो आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो, म्हणजे मोबाइलच्या ४००० पिक्सेल रुंद फोटोत साधारण २५ पिक्सेल. चकाकी धरून थोडा मोठा दिसेल. पण लोक झूम लेन्सने काढलेला पुरणपोळीएवढा सूर्य आणतात आणि वाइड फोटोत चिकटवतात.

आणि दिशा! कोकणात समुद्र पश्चिमेला, तिथं समुद्रावर सूर्यास्त दाखवला तर चालतो. पण गेटवे ऑफ इंडियाच्या मागे समुद्रात मावळतीचं आकाश दाखवलेले फोटो मी पाहिलेत, तो समुद्र पूर्वेकडचा आहे राव, मुंबईकर लगेच पकडणार.

आधी केशरी करणं, मग उजेड बघणं

म्हणजे आधी कळस मग पाया. आकाश बदललं की हात आपोआप टेम्परेचरच्या स्लायडरकडे जातो, अख्खा फोटो उबदार केला जातो आणि माणसं हळद लागल्यासारखी पिवळी होतात. तरी फोटो चिकटवलेलाच दिसतो, कारण गडबड रंगाची नसते, उजेडाची असते.

माझ्या फोटोत बाबांचा पांढरा शर्ट होता. इन्फो पॅनल उघडून त्यावर कर्सर नेला तर आकडा २३५ च्या आसपास, आणि नव्या आकाशात क्षितिजालगतचा सगळ्यात उजळ पट्टा २१० ला. आता विचार करा, संध्याकाळी दिवा कोण आहे? तो पट्टा. आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या माणसाचा शर्ट दिव्यापेक्षा जास्त उजळ? जमणारच नाही. असं काही असलं तर डोळ्याला कारण कळत नाही पण खटकतं. आकड्यांत पडायचं नसेल तर सगळ्यात वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर टाका, रंग गेले की लगेच दिसतं आकाशापेक्षा काय काय जास्त पांढरं आहे ते. बघून झालं की तो लेयर बंद करा.

मग मी असं केलं. Sky Replacement मध्ये खाली आउटपुटला `New Layers` निवडलं, म्हणजे आकाश, फोरग्राउंडचा उजेड आणि रंग वेगवेगळ्या लेयरवर मिळतात आणि नंतर हात घालता येतो. आकाशाचा मास्क उलटा करून कर्व्ह्जच्या लेयरला लावला, म्हणजे फक्त जमीन आणि माणसं. कर्व्हचं वरचं टोक खाली ओढलं, शर्ट १६५ च्या जवळ येईपर्यंत. फोटो एकदम उदास, मळका दिसायला लागतो तेव्हा घाबरायचं नाही, संध्याकाळ तशीच असते. तोंडं फारच काळी पडली तर मास्कवर तिथे हलका करडा ब्रश मारून थोडा उजेड परत द्यायचा, पूर्ण नाही.

रंग त्यानंतर. कलर बॅलन्समध्ये हायलाइट्स निवडून लाल +१०, पिवळ्याकडे १२ च्या आसपास, आणि शॅडोज निवडून उलट, निळ्याकडे ५-६. सावलीतल्या जागेला क्षितिजाचा केशरी उजेड पोचत नाही, तिथं वरच्या निळ्या आभाळाचा उजेड असतो, म्हणून तो भाग थंडच राहायला हवा. आकडे माझ्या फोटोचे आहेत, तुमचे वेगळे येतील. परीक्षा परत त्या पांढऱ्या शर्टाचीच, पांढरं कापड जो उजेड पडेल त्याचा रंग घेतं. खांद्याच्या कडेला पीचसारखी झाक आणि छातीवर किंचित निळसर करडं असं दिसलं की समजायचं बरोबर चाललंय, सगळा शर्ट एकसारखा केशरी झाला तर जास्त झालं. खांदे, केस, आईच्या पदराची कड इथं सॉफ्ट लाइटच्या वेगळ्या लेयरवर आकाशातलाच केशरी रंग उचलून १० टक्के फ्लोच्या ब्रशने एक-दोन हात मारले, फक्त आकाशाकडच्या कडेला.

सुवर्णदुर्ग मात्र उलटा वागवावा लागला. तो लांब, मधे समुद्रावरची दमट हवा, त्यामुळे तटबंदी काळी कुळकुळीत केली की कागद कापून ठेवल्यासारखी दिसते. क्षितिजाचा रंग आयड्रॉपरने उचलून किल्ल्यावर १५ टक्के ओपॅसिटीने नुसता भरला, लगेच मागे सरकला.

माडाच्या झावळ्यांत अडकलेलं पांढरं

माणसांच्या कडा सॉफ्टवेअर बऱ्यापैकी पकडतं, पण झावळ्या, विजेच्या तारा, उडते केस इथं जुनं आकाश पांढऱ्या दोऱ्यांसारखं उरतं. लोक मग Fade Edge वाढवत बसतात, त्याने पांढरी रेघ जात नाही, नुसती पसरट होते. Shift Edge थोडं थोडं हलवून बघा, आकाश कडेच्या आत सरकलं की रेघ झाकली जाते, पण जास्त सरकवलं तर झावळ्यांची टोकंच गायब.

माझ्या झावळ्यांना याने काही होईना, तेव्हा जुनीच युक्ती चालली. तेवढ्या भागात आकाश मल्टिप्लाय मोडवर टाकायचं. मल्टिप्लायमध्ये पांढऱ्यावर जो रंग टाकाल तोच दिसतो आणि काळं काळंच राहतं, म्हणजे पांढऱ्या आभाळापुढची गडद झावळी बारीक पात्यासकट जशीच्या तशी येते, कापाकापी नाहीच. अट एवढीच की जुनं आकाश खरंच पांढरं हवं. माझं २२५ चं करडं होतं, तसंच ठेवलं असतं तर नवीन आकाश माडामागे मळकट झालं असतं, म्हणून खालच्या फोटोत तेवढ्या भागाला लेव्हल्स लावून पांढरा त्रिकोण २२५ वर आणला. फिकट किंवा उजळ वस्तूंना मात्र ही युक्ती लावू नका, पांढरी छत्री केशरी होऊन आकाशात विरघळेल.

ओली वाळू विसरणं

Sky Replacement आकाश बदलतं, पाण्यातलं प्रतिबिंब बदलत नाही. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये वर भगवं आणि खाली ओल्या वाळूत तेच जुनं करडं चकाकत होतं, आणि हे मावशीला नाही, मलाच आठवड्याने दिसलं. आकाशाच्या लेयरची कॉपी काढली, उभी उलटी केली, क्षितिजाच्या रेषेला टेकवली, मास्क करून फक्त पाणी आणि ओला पट्टा ठेवला, सॉफ्ट लाइट, ओपॅसिटी ४० च्या आसपास. वर थोडा उभ्या दिशेचा मोशन ब्लर, कारण वाळू आरसा नाही. प्रतिबिंब आकाशापेक्षा उजळ कधीच दिसता कामा नये. माणसांच्या पायाजवळ मास्क नीट पुसा, नाहीतर पायावर ढग येतात.

चष्म्याचं लोक फार टेन्शन घेतात. बाबांच्या काचेत पांढरट चमक होती, ती मी आधी केशरी केली होती, आणि तेच चुकीचं होतं. ते कॅमेऱ्याकडे बघतायत, म्हणजे काचेत दिसणार कॅमेऱ्यामागचं आभाळ, पूर्वेचं, आणि संध्याकाळी ते निळसर करडंच असतं. दुसऱ्या वेळी फक्त जरा अंधूक केली आणि सोडून दिली.