अरबी अक्षरं जोडताना या चुका टाळा: ‘सातारा’, ‘सांगली’ आणि ‘मिरज’ लिहून बघा

अरबी लिपीच्या सरावाच्या वह्यांमध्ये हमखास एक तक्ता असतो. त्यात चार रकाने: सुटं अक्षर, शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं. शिकणारे तो तक्ता मनापासून गिरवतात, विचारलं की प्रत्येक रूप न चुकता काढून दाखवतात. मग पहिला खराखुरा शब्द लिहायला दिला की गाडं अडतं. मिरजेतल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात आखातात नोकरीला निघालेल्या नर्स येतात, मुलांचा मदरशातला अभ्यास घेता यावा म्हणून आयाही येतात. दोघींच्या वह्यांत चूक तीच असते. ‘सुरुवात, मध्य, शेवट’ हे अख्ख्या शब्दाबद्दल सांगितलंय असं त्या धरून चालतात. खरं तर ते शब्दातल्या एकेका जोडलेल्या तुकड्याबद्दल असतं.

अरबीत 28 अक्षरं आहेत. त्यातली 22 दोन्ही बाजूंना हात देतात, म्हणजे उजवीकडच्या आधीच्या अक्षराला आणि डावीकडच्या पुढच्या अक्षरालाही जोडली जातात. उरलेली सहा फक्त आधीच्या अक्षराला जोडून घेतात, पुढच्याला कधीच नाही. ती अशी: अलिफ (ا), दाल (د), ज़ाल (ذ), रा (ر), ज़ा (ز) आणि वाव (و). यातलं एखादं अक्षर आलं की तिथे तुकडा संपतो आणि पुढचं अक्षर नव्याने सुरू होतं, भले ते शब्दाच्या अगदी मध्यावर असो. आपला ‘र’ आठवा. सूर्य, चक्र, राष्ट्र या तिन्ही शब्दांत त्याचं रूप वेगळं आहे, पण तो शब्दात कितवा आहे यावरून ते ठरत नाही, शेजारी कोण आहे यावरून ठरतं. अरबीतही आधी शेजारीच बघायचा.

‘सातारा’ हा शब्द यासाठी फार चांगला आहे. अक्षरं सुटी मांडली तर अशी:

س ا ت ا ر ا

सीनच्या आधी काही नाही, म्हणून त्याचं सुरुवातीचं रूप: तीन दाते, मागची वाटी नाही. त्याला अलिफ जोडला आणि तुकडा संपला: سا. आता ‘ता’. शब्दात तो तिसरा, म्हणजे मधला. तक्त्यावर विसंबणारी व्यक्ती इथे मधलं रूप काढते आणि ते उजवीकडे अलिफला चिकटवते. पण अलिफ पुढे हात देत नाही, म्हणून ‘ता’ सुरुवातीच्या रूपातच येतो आणि पुढच्या अलिफला जोडला जातो: تا. नंतरच्या ‘रा’ला मागे कोणी धरत नाही आणि तोही पुढच्याला धरत नाही, म्हणून तो एकटा. शेवटचा अलिफही एकटाच. चार तुकडे झाले आणि शब्द असा दिसला:

ساتارا

अलिफ पुढच्याला जोडला तर बिघडतं काय? अक्षरच बदलतं. अलिफ उभा दांडा आहे, लामही (ل) उभा दांडाच आहे. जोडून लिहिताना दोघांना वेगळं ओळखण्याची खूण एवढीच, की लाम खाली ओळीवर येऊन डावीकडे पुढे जातो आणि अलिफ तिथेच थांबतो. ‘सातारा’तले पहिले दोन अलिफ पुढे नेले, तर वाचणारा ‘सलतलरा’ वाचेल. म्हणून वही तपासताना मी आधी अलिफचा पाय बघते. पायाशी डावीकडे बारीकशी जरी शेपटी असेल, तर हात सवयीने पुढे गेलाय हे कळतं. उपाय हाताच्या वळणात आहे. जोडलेला अलिफ खालून वर ओढायचा आणि वरच्या टोकाला पेन उचलायचं. पेन वर सुटलं की खालून पुढे जायची वाटच राहत नाही. मधला लाम मात्र वर जाऊन त्याच रेघेवरून खाली येतो आणि मग पुढे सरकतो. हे दोन्ही आलटून पालटून एक पानभर काढले की हाताला फरक उमगतो.

‘सांगली’त अडचण वेगळी आहे. प्रमाण अरबीत ‘ग’साठी स्वतंत्र अक्षर नाही, तिथे बाहेरच्या नावांत बऱ्याचदा ग़ैन वापरतात. त्याप्रमाणे लिहिलं तर:

سانغلي

पहिला तुकडा ‘सा’. पुढचे नून, ग़ैन, लाम आणि या एका दमात जोडलेले. इथे दोन जागा सांभाळाव्या लागतात. नूनची वाटी फक्त तुकड्याच्या शेवटी असते. सुरुवातीला आणि मध्ये उरतो तो एक छोटा दाता आणि वरचा नुक्ता. पुष्कळ जण आख्खी वाटी काढून तिच्या टोकाला पुढचं अक्षर बांधतात. दुसरी जागा ग़ैनची. सुरुवातीला त्याचं तोंड उघडं असतं (غـ), मध्ये ते मिटतं आणि वरून चपटं होतं (ـغـ). मिटलेलं तोंड गोल काढलं तर तो मधला ‘फा’ (ـفـ) होतो, कारण वर एक नुक्ता दोघांनाही आहे. मग सांगलीची ‘सान्फ्ली’ होते. माथा सपाट की गोल, एवढंच बघायचं.

‘मिरज’ लिहिला की तक्त्यातला चौथा रकानाही तपासून होतो: ميرج. मीम, या आणि रा जोडले गेले आणि ‘रा’पाशी तुकडा संपला. जीम शब्दात शेवटचा आहे, तरीही त्याचं शेवटचं जोडलेलं रूप (ـج) इथे येत नाही, सुटं रूप येतं. ‘घर’ या अर्थाचा دار (दार) तर तिन्ही अक्षरं सुटी ठेवून लिहितात, आणि तो बरोबर आहे. नवशिक्यांना तो अर्धवट वाटतो आणि ते बळंच रेघ ओढतात.

तुकडे सुटे राहिले म्हणून त्यांच्यात शब्दाएवढी जागा सोडू नका. देवनागरीत शिरोरेखा शब्द एकत्र बांधते, इथे ते काम फक्त अंतराने होतं. ‘سا’ आणि ‘تا’ जवळजवळ हवेत. दोन शब्दांमधली जागा त्यापेक्षा स्पष्ट मोठी हवी.

लिहिण्याआधी एक काम करा. सुटी अक्षरं ओळीने मांडा आणि त्या सहांपैकी जे असेल त्याच्या डावीकडे पेन्सिलने उभी रेघ मारा. मग रेघेपर्यंतचा प्रत्येक तुकडा पेन न उचलता लिहा. नुक्ते तुकडा पूर्ण झाल्यावर द्या. प्रत्येक अक्षरापाशी थांबून नुक्ता दिला की जोड तुटतो, आणि بنت (बिन्त, म्हणजे मुलगी) सारख्या शब्दात दात्यांची गणती चुकते. तिथे ‘बा’चा एक, नूनचा एक आणि मग ‘ता’ची पसरट वाटी, एवढंच आहे. स्वतः पडताळायला ‘कराड’ घ्या: ك ر ا د. तीन तुकडे यायला हवेत: كر, मग सुटा अलिफ, मग सुटा दाल. पूर्ण शब्द كراد.

सरावपत्रिका संगणकावर करणाऱ्यांसाठी थोडं. अक्षर एकदाच टाइप करायचं असतं, रूप फॉन्ट आपोआप बदलतो. छापून आलेल्या कागदावर सगळी अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने दिसली, तर त्या सॉफ्टवेअरला अरबी जोडणी येत नाही. फ्लेक्सच्या दुकानात हे बऱ्याचदा दिसतं. मजकूर दुसरीकडे नीट जुळवून चित्र म्हणून तिथे द्या. एकट्या अक्षराचं सुरुवातीचं किंवा मधलं रूप दाखवायचं असेल, तर त्याच्या बाजूला जोडरेघ (ـ) टाइप करा. विंडोजच्या अरबी 101 कळफलकावर ती Shift+J ला आहे. सीनच्या दोन्ही बाजूंना ती दिली की ـسـ मिळतो. दालच्या डावीकडे ती दिली, तर रेघ वेगळीच पडून राहते.